दोन टाक्या, एक आकडा आणि आगंतुक t

हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या काठोकाठ भरल्या आहेत. पहिलीत १० किलो मीठ विरघळलेलं आहे, दुसरीत निव्वळ गोडं पाणी. पहिलीत मिनिटाला १०० लिटर गोडं पाणी पडतं, तेवढंच खारट पाणी पाइपातून दुसरीत जातं आणि दुसरीतून तेवढंच बाहेर वाहून जातं. दोन्हीकडे पाणी सतत ढवळलं जातंय असं धरू. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या टाकीत कोणत्या क्षणी किती मीठ असेल?

पहिल्या टाकीतलं मीठ x आणि दुसरीतलं y म्हटलं, तर हिशेब दोन ओळींत मावतो. मिनिटाला दहावा हिस्सा पाणी बदलतं, म्हणून:

x' = -0.1x
y' = 0.1x - 0.1y

अशी जोडी सोडवायची नेहमीची रीत म्हणजे मिठाची अशी वाटणी शोधायची, जिचं प्रमाण वेळ गेला तरी मोडत नाही. दोन्हीकडचं मीठ एकाच दराने घटतं. ही वाटणी म्हणजे मॅट्रिक्सचा आयगेन व्हेक्टर आणि तो दर म्हणजे आयगेन व्हॅल्यू. अशा दोन वेगळ्या वाटण्या सापडल्या, की सुरुवातीची कोणतीही स्थिती त्यांच्या मिश्रणातून मांडता येते आणि काम संपतं.

इथे मात्र गाडी अडते. आयगेन व्हॅल्यू -0.1 येते, दोनदा. न मोडणारी वाटणी एकच आहे: पहिली टाकी रिकामी आणि सगळं मीठ दुसरीत, म्हणजे v = (0, 1). आपलं मीठ तर पहिल्या टाकीत आहे. एकट्या v मधून ते कसं मांडणार?

व्हॅल्यू दोनदा आली म्हणून दर वेळी असं होतं असंही नाही. मधला पाइप काढून दोन्ही टाक्या स्वतंत्रपणे धुतल्या, तर -0.1 तेव्हाही दोनदाच येईल; पण मग कुठलीही वाटणी टिकते आणि अडचणच उरत नाही. घोळ घालतो तो पाइप.

विद्यार्थी इथे v ला थेट t ने गुणून पाहतात. v·t·e^(-0.1t) हे उत्तर समीकरणात घातलं, की गुणाकाराच्या नियमामुळे v·e^(-0.1t) एवढा तुकडा शिल्लक राहतो. तो खपवायला आणखी एक व्हेक्टर w जोडावा लागतो आणि त्याची अट असते (A + 0.1·I)w = v. A हा आपला मॅट्रिक्स, I एकक मॅट्रिक्स. डाव्या कंसातल्या मॅट्रिक्समध्ये पाइपाचा 0.1 सोडला तर सगळी शून्यंच उरतात. म्हणून w चा पहिला घटक 10 येतो. दुसरा काहीही चालतो, तो 0 घेऊ. w = (10, 0) म्हणजे पहिल्या टाकीत १० किलो, दुसरीत काही नाही. ही तर आपलीच सुरुवातीची स्थिती! म्हणून उत्तर आयतंच मिळतं:

x = 10·e^(-0.1t)
y = t·e^(-0.1t)

दुसरी टाकी आधी खारट होत जाते. दहाव्या मिनिटाला तिच्यात सर्वाधिक, सुमारे ३.६८ किलो मीठ असतं आणि त्या क्षणी पहिलीतही नेमकं तेवढंच. मग उतार लागतो. विसाव्या मिनिटाला पहिलीत १.३५ आणि दुसरीत २.७१ किलो उरतं. साठाव्या मिनिटाला दोन्हीकडे नाममात्रच मीठ असतं, पण दुसरीतलं पहिलीच्या सहापट. y/x हे प्रमाण t/10 आहे, ते वाढतच जातं. म्हणजे स्थिती हळूहळू त्या एकमेव v च्या दिशेला टेकते.

प्रत्यक्षात दोन टाक्या तंतोतंत सारख्या कुठून असणार, ही शंका रास्त आहे. समजा दुसरी ९९९ लिटरची निघाली. आता व्हॅल्यू वेगळ्या, व्हेक्टर दोन, नेहमीची रीत चालू. किरणोत्सर्गी ऱ्हासाच्या साखळीसाठी हॅरी बेटमन यांनी १९१० मध्ये दिलेलं सूत्र याच घडणीचं आहे. त्यात दोन दरांची वजाबाकी छेदात असते. त्यानुसार:

y = 9990·(e^(-0.1t) - e^(-100t/999))

सूत्र अचूक आहे, पण दहा किलो मिठाचा हिशेब ९,९९० च्या गुणकाने होतोय. दोन्ही व्हेक्टर जवळजवळ एकाच दिशेचे असल्याची ही खूण. दहाव्या मिनिटाला कंसातले आकडे चार दशांश स्थळांपर्यंत घेतले, तर 0.3679 - 0.3675 = 0.0004 आणि उत्तर जवळपास ४ किलो. तीनच स्थळं घेतली तर दोन्ही 0.368, म्हणजे मीठ शून्य! खरं उत्तर आहे ३.६७७ किलो. टाक्या सारख्याच आहेत असं धरून t चं सूत्र वापरलं तर ३.६७९ मिळतं, अवघ्या दोन ग्रॅमच्या फरकाने.