एकाला चौदा टक्के, दुसऱ्याला सहा

एप्रिलच्या आसपास पुण्या-बंगळूरच्या स्टार्टअपमध्ये 'ऑल-हँड्स' भरते, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची एकत्र बैठक. पगार आणि पगारवाढ कशी ठरते हे त्या दिवशी संस्थापकाला सांगायचे असते. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो: दोघांनी सारखेच काम केले, रेटिंगही सारखेच मिळाले, मग वाढ वेगळी का?

याचे उत्तर माणसापासून नाही, पदापासून सुरू होते. कंपनी प्रत्येक पदाला एक लेव्हल देते आणि तशा कामाला बाजारात काय मिळते, हे पगार-सर्वेक्षणांतून पाहते. मग बाजाराच्या कोणत्या पर्सेंटाइलला पैसे द्यायचे, ते ठरवते. पन्नासावा पर्सेंटाइल धरला, तर त्या कामाचे निम्मे लोक बाजारात त्याहून कमी कमावतात आणि निम्मे जास्त. हा आकडा बँडचा मध्यबिंदू होतो. त्याच्या खाली-वर साधारण वीस-वीस टक्के सोडले की बँड तयार होतो.

समजा, एका लेव्हलचा मध्यबिंदू २० लाख आहे, म्हणजे बँड १६ ते २४ लाखांचा. त्यात आशाला १७ लाख मिळतात आणि निखिलला साडेबावीस. वर्षअखेरीस दोघांनाही 'अपेक्षेपेक्षा सरस' असा शेरा मिळतो. आशाला चौदा टक्के वाढ मिळते, निखिलला सहा. आशा १९ लाख ३८ हजारांवर जाते, निखिल २३ लाख ८५ हजारांवर. निखिलला वाटते, आपल्यावर अन्याय झाला. प्रत्यक्षात तो बँडच्या टोकाशी आला आहे. त्याच पदावर राहून पुढच्या वर्षी त्याला जेमतेम १५ हजार वाढायला जागा उरते. खरी मोठी वाढ हवी असेल, तर त्याला वरच्या लेव्हलचे काम करावे लागेल. हे त्याला एप्रिलच्या पत्रातून कळावे, यासारखी वाईट गोष्ट नाही. आदल्या वर्षीच कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे होते.

टक्क्यांमागे आणखी एक मर्यादा असते. कंपनीचे वर्षाचे एकूण पगारबिल १० कोटी असेल आणि संचालक मंडळाने नऊ टक्के मंजूर केले असतील, तर वाटायला ९० लाखच आहेत. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे तेवढे कमी होतात. म्हणून मॅनेजरने सगळ्यांनाच 'सरस' ठरवले, तर त्या शेऱ्याला काही किंमत उरत नाही.

काही संस्थापकांनी हे सगळे उघड्यावर मांडले आहे. जोएल गॅस्कॉइन यांच्या बफर या सॉफ्टवेअर कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये सूत्रासकट सगळ्यांचे पगार जाहीर केले. कामाच्या प्रकाराला मूळ रक्कम, तिला ज्येष्ठतेचा आणि अनुभवाचा गुणक आणि वर राहण्याच्या शहरानुसार भर, असे ते सूत्र होते. आपल्याकडे इतका उघडेपणा क्वचितच दिसतो. पण निदान आपल्या लेव्हलचा बँड आणि त्यातली आपली जागा प्रत्येकाला कळावी, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

आपल्याकडे हे गणित बहुधा बिघडते ते माणूस नोकरीवर घेतानाच. एचआर विचारते, 'सध्याचा सीटीसी किती?' आणि त्यावर तीस टक्के चढवून ऑफर लेटर निघते. आधीच्या कंपनीने कमी दिले असेल, तर तो तोटा माणसाबरोबर नव्या कंपनीत येतो. आशा १७ लाखांवर आहे ती बहुधा याचमुळे. शिवाय सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल भाग, कधी ईसॉप्सची अंदाजे किंमतही धरलेली असते. म्हणून भाषणातला बँड फक्त निश्चित पगाराचा आहे की सीटीसीचा, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरा बिघाड हळूहळू होतो. बाजार चढतो, पण बँड दोन वर्षे तसाच राहतो. मग नवा माणूस हवा असला की कंपनीला बाजारभावानेच घ्यावा लागतो. आशाच्याच लेव्हलला नवी मुलगी २१ लाखांवर येते आणि आशा तिला काम शिकवते. हे ओळखायची खूण सोपी आहे: गेल्या सहा महिन्यांत रुजू झालेल्यांचे पगार त्याच लेव्हलच्या जुन्या लोकांच्या पगारांशेजारी ठेवून पाहायचे. जुने लोक सतत खाली दिसले, तर दोष त्यांच्या कामात नाही.

ही तफावत वार्षिक वाढीच्या टक्क्यांतून भरून निघत नाही, कारण ती रक्कम कामगिरीसाठी वाटून संपते. त्यासाठी वेगळी तरतूद लागते. त्या ९० लाखांतले १५ लाख आधीच दुरुस्तीसाठी बाजूला काढले, तर बाकी वाटपाला सरासरी साडेसात टक्केच उरतात. अशी दुरुस्ती करणाऱ्या संस्थापकाने हा आकडाही त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर सांगायला हवा.