आईचा पहिला बायोडेटा

“काम काय, पोळ्या लाटल्या!” एवढं बोलून आई गप्प. डोंबिवलीतल्या लेकीने मग प्रश्न बदलला: सकाळी कुलूप कोण उघडायचं? कणीक किती लागायची? मग निघालं: चाळीस डबे, रोज पाच किलो कणीक, वाण्याचा माल, नव्या बायकांना शिकवणं.

साल मात्र आठवेना. “सव्वीस जुलैच्या पुराआधीच्या दिवाळीत लागले.” म्हणजे 2004.

लेकीने लिहिलं: ‘2004 ते 2016, पोळीभाजी केंद्र, स्वयंपाकी. रोज 40 डबे. किराणा व हिशेब.’ ‘किचन मॅनेजर’ हा मोह तिने टाळला. मुलाखतीत आईचीच पंचाईत झाली असती.

शेवटी मोठ्याने वाचून दाखवलं. आई ‘हिशेब’वर अडली. “तो मालकीण लिहायची. मी माल मोजून घ्यायचे.”

ओळ बदलली: ‘किराणा मोजून ताब्यात घेणे.’