सामाईक लॅपटॉपच्या बॅटरीची निगा

ज्या लहान प्रशिक्षण केंद्रात पाच लॅपटॉप व तीस विद्यार्थी असतात, तेथे यंत्राचा जो भाग सर्वांआधी थकतो तो म्हणजे बॅटरी होय. सामाईक यंत्रावर कोणा एकाची नजर नसल्यामुळे हा थकवा उशिरा ध्यानात येतो. म्हणून बॅटरी का झिजते, ती किती झिजली हे कसे मोजावे आणि त्यानुसार यंत्रांची वाटणी कशी करावी, याचा येथे विचार करू.

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. चार्ज करताना लिथियमचे आयन एका ध्रुवाकडून ग्रॅफाइटच्या ध्रुवाकडे जातात व वापराच्या वेळी परत येतात. या येरझारांत ग्रॅफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडे थोडे लिथियम कायमचे अडकते. त्यामुळे बॅटरीची साठवणशक्ती कमी होते. हा थर दोन कारणांनी लवकर वाढतो : एक उष्णता, व दुसरे म्हणजे बॅटरी सतत काठोकाठ भरलेली ठेवणे. बॅटरी पूर्ण रिकामी केल्याशिवाय पुन्हा चार्ज करू नये, हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीवरून आलेला आहे. लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही.

झीज मोजण्याचे साधन विंडोज प्रणालीतच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा द्यावी :

```
powercfg /batteryreport /output C:\Users\Public\battery.html
```

तयार झालेल्या अहवालात DESIGN CAPACITY म्हणजे नव्या बॅटरीची शक्ती व FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची शक्ती, असे दोन आकडे असतात. ते मिलीवॉट-तासांत दिलेले असतात. हजाराने भागले की वॉट-तास मिळतात. प्रत्येक लॅपटॉपला क्रमांक देऊन हे आकडे दर महिन्यास वहीत लिहावेत.

एक उदाहरण घेऊ. पाचही यंत्रे ४१ वॉट-तासांची असून साध्या कामास प्रत्येकी सुमारे १० वॉट लागतात असे समजा. वर्ग दोन तासांचा, म्हणजे एका वर्गास २० वॉट-तास खर्च होतात. काठोकाठ भरणे टाळण्यासाठी अनेक निर्माते चार्ज ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय देतात. ती चालू करावी. चांगल्या बॅटरीत मग ३३ वॉट-तास राहतील, आणि वर्ग संपल्यावर १३ शिल्लक उरतील. पुढील वर्गापूर्वी एक तास यंत्र बंद ठेवून ४५ वॉटच्या चार्जरने चार्ज केल्यास खर्चलेले २० वॉट-तास सहज भरून निघतात.

आता क्रमांक ४ च्या यंत्राची आजची शक्ती २६ वॉट-तास, म्हणजे मूळच्या ६३ टक्के आढळली. त्याच्या ८० टक्के म्हणजे २१ वॉट-तास. वर्गाच्या शेवटी त्यात जेमतेम एक वॉट-तास उरेल. म्हणजे धडा संपण्यापूर्वीच ते बंद पडण्याची भीती आहे, आणि विद्यार्थ्याचे न साठविलेले काम त्याबरोबर जाईल. असे यंत्र मोडीत काढण्याचे कारण नाही. त्यास भिंतीवरील सॉकेटजवळची जागा नेमून द्यावी व चांगली यंत्रे सॉकेटपासून दूरच्या बाकांवर द्यावीत. वहीतील आकड्यांचा खरा उपयोग हाच.

उष्णतेबाबत दोन गोष्टी पाळाव्यात. पत्र्याच्या छपराखाली दुपारी चार्ज करू नये, सकाळी करावे. तसेच यंत्र गादीवर अथवा कापडावर ठेवू नये, कारण खालची हवेची छिद्रे बुजतात. उन्हाळी सुट्टीत यंत्रे सुमारे ५० टक्के भरून, पूर्ण बंद करून, थंड व कोरड्या कपाटात ठेवावीत आणि महिन्यातून एकदा पाहावीत. अगदी रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर तिचे संरक्षक मंडल तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही, असे घडू शकते.

शेवटी एक धोक्याची खूण. टचपॅड वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे, किंवा सपाट टेबलावर यंत्र डुगडुगणे, याचा अर्थ बहुधा बॅटरी आतून वायूने फुगली आहे. अशा वेळी चार्जर काढून यंत्र बंद करावे व कागद-कापडापासून दूर ठेवावे. बॅटरी दाबू नये, टोचू नये. ती काढण्याचे काम जाणत्या कारागिरावर सोपवावे. वापरलेली बॅटरी कचऱ्यात टाकता येत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणे उत्पादकावर बंधनकारक आहे; म्हणून ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी, आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारखेसह नोंद करावी.