शब्दाला तीन रुपये, आकृतीचा हिशेब वेगळा

कोल्हापूर-सांगलीकडच्या औद्योगिक वसाहतीत कडबाकुट्टी यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे असं समजा. यंत्रासोबत द्यायची ४८ पानांची माहितीपुस्तिका इंग्रजीत तयार आहे. यंत्र घेणारा शेतकरी मराठी वाचतो, म्हणून मालक एका अनुवादकाकडे कोटेशन मागतात. त्यांच्या मनात साधा हिशेब असतो: बारा हजार शब्द, एक दर, एक आकडा. हातात येतं ते दोन पानी कोटेशन. त्यात शब्दांचे तीन दर असतात, आकृत्यांचा वेगळा हिशेब असतो आणि खाली दुरुस्तीच्या फेऱ्यांविषयी एक लांबलचक परिच्छेद असतो. पहिली शंका अर्थातच ‘हा जास्तीचे पैसे लावतोय’ अशी येते. ती किती खरी, हे ठरवायला कोटेशन ओळीओळीने वाचावं लागतं. इथले दर समजावण्यापुरते घेतले आहेत. भाषेची जोडी, विषय आणि घाई यांप्रमाणे ते बदलतात, पण मांडणी बहुतेक ठिकाणी अशीच असते.

आधी पाहायचं ते हे, की शब्द कुठल्या भाषेतले मोजले आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. इंग्रजीत जिथे दोन-तीन शब्द लागतात, तिथे आपलं ‘हॉपरमधून’ एका शब्दात भागतं. त्यामुळे इंग्रजीतले बारा हजार शब्द मराठीत बरेच कमी भरतात. एकाने इंग्रजी शब्दाचा दर दिला आणि दुसऱ्याने मराठी शब्दाचा, तर ते आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. मूळ मजकुरावरचा दर मालकाच्या सोयीचा असतो, कारण काम सुरू होण्याआधीच बिल किती येणार ते कळतं.

आता तीन दरांकडे येऊ. अनुवादकाने फाइल अनुवाद-स्मृती वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालून तपासली. बारा हजारांपैकी सात हजार शब्द पूर्ण नवे निघाले. दोन हजार शब्दांची वाक्यं आधीच्या कुठल्यातरी वाक्याशी बरीचशी जुळणारी आहेत. एकच पुस्तिका दोन आणि तीन अश्वशक्तीच्या दोन मॉडेलांसाठी असल्यामुळे असं झालं आहे. उरलेल्या तीन हजार शब्दांची वाक्यं जशीच्या तशी पुन्हा आली आहेत. ‘मेन स्विच बंद करा आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत गार्ड उघडू नका’ ही सूचना प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर आहे, आणि ती तशी असायलाच हवी. नव्या शब्दाला तीन रुपये, जुळणाऱ्याला एक रुपया ऐंशी पैसे आणि पुनरावृत्तीला पाऊण रुपया धरला, तर अनुक्रमे २१,०००, ३,६०० आणि २,२५० रुपये होतात. एकूण २६,८५०. सरसकट तीन रुपयांनी हेच काम ३६,००० रुपयांना गेलं असतं. तीन दरांमुळे मालकाचे पैसे वाचतात, अनुवादकाचे नाही.

तरी मालक विचारतातच, “अहो, तेच वाक्य आहे ना? मग त्याचे पाऊण रुपयाने तरी पैसे कशाला?” कारण इंग्रजीत सारखं असलेलं वाक्य मराठीत सारखं राहीलच असं नाही. ‘हे रोज तपासा’ अशा अर्थाचं तीन शब्दांचं इंग्रजी वाक्य पट्ट्याच्या प्रकरणात ‘तो’ मागतं, साखळीच्या प्रकरणात ‘ती’ आणि पात्याच्या प्रकरणात ‘ते’. सॉफ्टवेअर सगळीकडे पहिलंच वाक्य चिकटवतं. प्रत्येक जागी नजर फिरवून ते बसतंय का हे बघणाऱ्या माणसाचे ते पैसे आहेत. पुनरावृत्ती फुकट धरणारं कोटेशन आलं, तर ती नजर फिरणार नाही असंच समजावं.

कोटेशनचा खरा गुंता आकृत्यांत असतो. वर्डमध्ये शब्द मोजले की तो परिच्छेद मोजतो, तक्ते मोजतो, खूण केली असेल तर मजकूरचौकटीही मोजतो. चित्राच्या आतली अक्षरं मात्र त्याच्या लेखी चित्रच असतात. या पुस्तिकेत ३४ आकृत्या आहेत. त्यांपैकी १४ आकृत्यांत नुसते १, २, ३ असे क्रमांक आहेत आणि त्यांची नावं खालच्या यादीत दिली आहेत. यादी मजकुरातच मोजली गेल्यामुळे या चौदांना वेगळा पैसा लागत नाही. बारा आकृत्यांत फीड रोलर, गार्ड, व्ही-बेल्ट अशी नावं बाण काढून चित्रातच लिहिली आहेत, पण त्यांच्या मूळ कोरलड्रॉ फाइल उपलब्ध आहेत. तिथे इंग्रजी पुसून मराठी टाइप करायचं, चौकट थोडी वाढवायची, बाण नीट लावायचा. आकृतीमागे १२० रुपये धरले, म्हणजे १,४४०.

दुखणं आहे ते उरलेल्या आठ आकृत्यांचं. त्या जेपीजी आहेत, दोन तर जुन्या छापील पुस्तिकेवरून स्कॅन केलेल्या. इथे अक्षरं पुसली की त्याखालची रेषाही पुसली जाते. मग गिअरपेटीची कड पुन्हा आखायची, छायाभरण जुळवायचं आणि त्यानंतर मराठी बसवायचं. शिवाय देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार यांसाठी जादा उंची लागते. इंग्रजीला पुरलेल्या अरुंद पट्टीत ‘पूर्ण’ लिहिलं तर वरचा रफार किंवा खालचा उकार छाटला जातो. म्हणून या आठांना प्रत्येकी ३५० रुपये, एकूण २,८००. सगळ्या चित्रांतले मिळून ४१० शब्द हाताने मोजले, त्यांचे तीन रुपयांनी १,२३०.

या आठ चित्रांच्या मूळ फाइल कारखान्याच्या आरेखकाकडे सापडल्या, तर त्याही १२० रुपयांच्या रांगेत जातात आणि १,८४० रुपये वाचतात. फाइल बहुधा कुणाच्यातरी जुन्या संगणकावर असते, पण तिची चौकशी कुणी करत नाही. त्याहून शहाणपणाचं म्हणजे पुढच्या पुस्तिकेपासून चित्रात नावं लिहूच नयेत, क्रमांक घालावेत आणि नावं खाली यादीत द्यावीत. मग तीच आकृती मराठी, कन्नड, गुजराती अशा कितीही भाषांत तशीच चालते.

आकृत्यांत काय बदलायचं नाही हेही कोटेशनमध्ये लिहिलेलं असावं. सुट्या भागांचे क्रमांक जसेच्या तसे राहतात, कारण शेतकरी दुकानदाराला फोनवर तोच क्रमांक वाचून दाखवणार असतो. दांड्याजवळच्या पत्र्यावर ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिव्हर्स’ इंग्रजीत कोरलेलं असेल, तर आकृतीतही ते इंग्रजीतच ठेवून शेजारी मराठी अर्थ द्यावा लागतो. पुस्तिकेत एक आणि यंत्रावर दुसरंच असेल, तर चारा अडकल्यावर रोलर उलटा फिरवायच्या घाईत माणूस गोंधळतो, आणि त्या वेळी हात पात्यांपासून फार लांब नसतात.

पुढची ओळ दुसऱ्या माणसाकडून तपासणीची, शब्दाला ५० पैसे, एकूण ६,०००. अनुवादसेवेसाठी आयएसओ १७१०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात अनुवाद करणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून तपासणं आवश्यक मानलं आहे. स्वस्त कोटेशनमधून सर्वांत आधी गळते ती हीच ओळ.

त्यानंतर छपाईपूर्व प्रूफ, पानामागे २५ रुपयांनी १,२००. मालकांना हा खर्च अनावश्यक वाटतो. पण अनुवादक युनिकोडमध्ये मजकूर देतो आणि छापखान्यातली मांडणी अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होते. रूपांतर करताना जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र गायब होतो. मराठी न येणाऱ्या मांडणीकाराला हे दिसतच नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पानावर कुठे नको तिथे उघडा हलन्त किंवा ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं, तर सगळी पुस्तिका पुन्हा तपासावी, कारण असा दोष एकटा येत नाही.

बेरीज ३९,५२० रुपये. अनुवादक जीएसटीखाली नोंदलेला असेल, तर त्यावर कर वेगळा.

आता दुरुस्तीच्या फेऱ्या. कोटेशनमध्ये ‘दोन फेऱ्या समाविष्ट’ असं असतं आणि भांडणं इथेच होतात, कारण बदल तीन जातींचे असतात. अनुवादकाची चूक असेल, म्हणजे वाक्य सुटलं, आकडा चुकला, अर्थ उलटा झाला, तर ती दुरुस्ती कधीही आणि कितव्याही फेरीत फुकटच व्हायला हवी. दुसरी जात पसंतीची. अनुवादकाने ‘पाते’ लिहिलं आणि विक्री विभागाला ‘ब्लेड’ हवं आहे. दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन फेऱ्या आहेत त्या यासाठीच. चांगला अनुवादक ही वेळ टाळायला सुरुवातीलाच भागांच्या नावांची यादी मंजूर करून घेतो. तिसरी जात म्हणजे मूळ इंग्रजीच बदललं. हे नवं काम असतं, मग बदल कितीही ‘किरकोळ’ असो.

किरकोळ म्हणजे किती ते पाहा. अनुवाद हाती आल्यावर कारखान्याने गार्डची बिजागरी काढून तिथे दोन बोल्ट लावले. मालकांच्या मते एक वाक्य बदललं. पण गार्ड उघडण्याची कृती जोडणीच्या प्रकरणात आहे, पाती धार लावायला काढण्याच्या प्रकरणात आहे, सफाईत आहे, दोन आकृत्यांत आहे आणि सुट्या भागांच्या यादीत आहे. एक जागा राहिली, तरी पुस्तिका स्वतःशीच विसंगत होते. म्हणून कोटेशनमध्ये अशा बदलांसाठी तासाचा दर आणि ५०० रुपयांसारखी किमान रक्कम असते. ज्या फाइलवर काम सुरू होतं तिची आवृत्ती आणि तारीखही लिहिलेली असते, म्हणजे काय नंतर बदललं यावर वाद राहत नाही.

आणखी एक अट असते, सूचना एकाच माणसाकडून एकत्र याव्यात ही. उत्पादन विभागप्रमुख ‘कसा’ म्हणतात, वितरक ‘घट्ट करा’ म्हणतो, मालकांना तिसरंच काही सुचतं. तिघांनी तीन प्रतींवर लिहून पाठवलं, तर अनुवादकाने कुणाचं ऐकायचं? आपसातला वाद कारखान्याने आपल्या घरात मिटवून एक प्रत पाठवावी, तीही ठरलेल्या मुदतीत. नाहीतर तो वादच एक फेरी खाऊन टाकतो.

शेवटच्या काही ओळी बहुधा कुणी वाचत नाही. त्यांत कोटेशनची मुदत असते, आगाऊ रक्कम असते, आणि अनुवाद-स्मृतीची फाइल कुणाची हेही असतं. या फाइलमध्ये पुस्तिकेतलं प्रत्येक इंग्रजी वाक्य आणि त्याचं मंजूर मराठी वाक्य जोडीने साठवलेलं असतं. पुढच्या वर्षी पाच अश्वशक्तीचं मॉडेल आलं, तर त्याच्या पुस्तिकेतली बरीच वाक्यं या फाइलमध्ये तयारच सापडतील आणि पाऊण रुपयाच्या रांगेत जातील, काम कुणीही करो. पैसे पूर्ण दिल्यावर ती फाइल कारखान्याला मिळेल असं कोटेशनमध्ये नसेल, तर सही करण्याआधी मालकांनी ते लिहून घ्यावं.