कमी तेलाची जैन पावभाजी : पाटीवर काय लिहावे?

कांदा, लसूण आणि बटाटा वगळले की जैन पावभाजीतील दाटपणाची जबाबदारी कच्च्या केळ्यावर येते. अनेक उपाहारगृहांत हीच भाजी, वरचे लोणी थोडे कमी करून, ‘मधुमेहींसाठी’ म्हणून दिली जाते. परंतु कच्च्या केळ्यातील पिष्ट बटाट्यापेक्षा कमी नसते. त्याचा काही भाग कच्चेपणी पचत नाही हे खरे. मात्र शिजवून घोटल्यावर तो बराचसा पचण्याजोगा होतो. ‘बटाटा नाही’ याचा अर्थ ‘रक्तातील साखर वाढणार नाही’ असा घेणे ही ग्राहकाची समजूत असते आणि पाटी ती दूर करत नाही.

बदल करायचा तर मुळातूनच करावा लागतो. दहा ताटांच्या भाजीत एक किलो केळे पडत असेल, तर ते 300 ग्रॅमवर आणून उरलेली जागा दुधी, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांनी भरावी. दुधी पाणी सोडतो, म्हणून तो आधी वाफवून, निथळून घोटावा. नाहीतर भाजी पातळ होते आणि आचारी हात आखडता न घेता पुन्हा केळेच घालतो. तेल दहा ताटांना 50 मिलिलिटर, म्हणजे ताटास एक लहान चमचा, मोजून घ्यावे. त्यातच काश्मिरी मिरचीपूड मंद आचेवर परतली की रंग उतरतो.

खरी गडबड पुढे, तव्यावर होते. नेहमीच्या भाजीचे लोणी ज्या तव्यावर साचलेले असते, त्यावरच ही भाजी परतली तर स्वयंपाकघरातील सगळे मोजमाप वाया जाते. स्वतंत्र कढई हवीच. भाजी निवल्यावर ताटाच्या कडेला तुपकट साय धरली, तर चूक कुठे झाली ते कळते.

पावाचे काय? ‘ब्राऊन’ पाव पुष्कळदा मैद्याचाच, फक्त रंग चढवलेला असतो. ज्वारीच्या भाकरीत तंतू अधिक असले, तरी पिष्ट भरपूरच असते. तेव्हा एकच भाकरी द्यावी आणि ती मोजली जावी.

पाटीवर ‘शुगर फ्री’ लिहिण्याचा मोहही टाळावा. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार हा दावा करण्यासाठी 100 ग्रॅम पदार्थात साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि टोमॅटोची नैसर्गिक साखरच ही मर्यादा ओलांडते. आंबटपणा मारण्यासाठी चिमूटभर साखर वा गूळ खरोखर पडत नसेल, तर पाटी अशी असावी : ‘साखर-गूळ घातलेला नाही. ताटास तेल 5 मिलिलिटर, लोणी नाही. भाजीत कच्चे केळे 30 ग्रॅम. सोबत ज्वारीची एक भाकरी.’ ‘मधुमेहींसाठी’ हा शब्द त्यात नाही. आपल्याला किती चालते हे ग्राहकाला आणि त्याच्या डॉक्टरांना ठाऊक असते. त्यांना हवे असतात ते हे आकडे.