पटावर ऐंशी, वर्गात अकरा

जुलै उजाडला की बारावी विज्ञानाच्या वर्गात हजेरी घेताना नावांमागून नावं वाचत जायचो आणि समोरून उत्तरच यायचं नाही. पटावर ऐंशी, बाकांवर अकरा. उरलेली एकोणसत्तर मुलं आजारी नव्हती, शाळा सोडूनही गेली नव्हती. त्यांची नावं आमच्या तालुक्याच्या कॉलेजात होती आणि मुलं लातूर-नांदेडला क्लासमध्ये. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला ती एकदम उगवायची. जर्नल कुणाकडून तरी उतरवून आणलेलं असायचं आणि मीटर ब्रिजची तार कुठल्या बाजूने जोडायची, हे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोरच पहिल्यांदा कळायचं. मराठवाड्यातल्या एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी सव्वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. शेवटच्या दहा-बारा वर्षांत हे चित्र दरसाल असंच होतं.

मला सांगायचं आहे ते त्या अकरा जणांबद्दल. एकीचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी. एकाची आई अंगणवाडीत मदतनीस. दोघं रोज एसटीच्या पासवर येणारे. यांच्यातलं कुणी मुद्दाम क्लास नाकारून आलेलं नव्हतं; क्लास परवडत नव्हता म्हणून ती वर्गात होती. खासगी शिकवणीमुळे दरी वाढते असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर एवढंच असतं की पैसेवाल्याला काहीतरी जादा मिळतं. प्रत्यक्षात त्याहून वाईट घडतं. एकोणसत्तर मुलं बाहेर गेली की त्यांच्याबरोबर वर्गाचं वजनही जातं. तास झाला नाही म्हणून प्राचार्यांकडे जाणारे पालक उरत नाहीत, कारण कॉलेजात तास होतो की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. रसायनशास्त्राची जागा रिकामी राहते, तिथे कुणीतरी तासिका तत्त्वावर येतं आणि चांगलं काम मिळालं की निघून जातं. प्रयोगशाळेचं साहित्य वर्षानुवर्षं बदललं जात नाही. ज्याला क्लास परवडत नाही त्याला जादा शिकवणी तर मिळत नाहीच, पण जे कॉलेज त्याचं हक्काचं होतं तेही त्याच्या पायाखालून सरकतं.

हे नेहमीच असं नव्हतं, आणि गंमत म्हणून नव्हे तर दुःखाने सांगतो, की ज्या लातूरकडे आज मुलं धावतात तिथली सुरुवात कॉलेजातूनच झाली होती. १९९०च्या दशकात राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर झाला. त्या पॅटर्नमध्ये गूढ असं काही नव्हतं. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून चुका मुलाला समोर बसवून दाखवायच्या. पाठांतरावर भर होता, ही टीका तेव्हाही होत होती आणि ती खरी होती. पण ती मेहनत कॉलेजचे प्राध्यापक कॉलेजच्या वर्गात घेत होते आणि शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ती मिळत होती.

मग प्रवेश बोर्डाच्या गुणांवरून सरकून सीईटीवर गेला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वैद्यकीयसाठी ‘नीट’ देशभर सक्तीची झाली. बारावीचे गुण उरले ते पात्रतेपुरते: खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून पन्नास टक्के, राखीव गटांना चाळीस. तेवढे गुण क्लासची मुलं सहज मिळवतात. म्हणजे कॉलेज जे शिकवतं आणि बोर्ड जे तपासतं, त्याची बाजारातली किंमत एका निकालाने जवळजवळ शून्यावर आली. वर्ग ओस पडले ते तेव्हापासून.

क्लास नेमकं काय विकतो, हे बाहेरून कळत नाही. ज्ञान विकतो म्हणावं तर नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांत आहे आणि ती पुस्तकं स्वस्त आहेत. क्लास विकतो तो वेग. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, त्यांतले नव्वद जीवशास्त्राचे. तयारीचा मुलगा जीवशास्त्र पाऊण तासात उरकतो आणि वाचलेला वेळ भौतिकशास्त्राच्या पंचेचाळीस प्रश्नांना देतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. त्यामुळे कुठला प्रश्न सोडून द्यायचा, हेही शिकावं लागतं.

२०२२च्या नीटमधला एक प्रश्न घ्या. मुक्तपणे खाली पडणारी वस्तू पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सेकंदात जे अंतर कापते त्यांचं गुणोत्तर काय? सालगड्याच्या त्या मुलीला मी हा प्रश्न फळ्यावर दिला. तिने गतीचं समीकरण लिहिलं, एका सेकंदातलं एकूण अंतर काढलं, मग दोन सेकंदांतलं, मग तीन, मग चार. एकातून एक वजा केलं आणि १ : ३ : ५ : ७ हे उत्तर आणलं. साडेतीन मिनिटं लागली. एकही पायरी चुकली नव्हती. सुट्टीत घरी आलेल्या क्लासच्या एका मुलाला तोच प्रश्न विचारला तर वाचून होताच तो म्हणाला, “विषम संख्या, सर.” का, असं विचारल्यावर तो अडखळला. भौतिकशास्त्र मुलीला जास्त कळलं होतं. चार गुण दोघांनाही मिळाले असते, पण मुलाच्या हातात तीन मिनिटं उरली असती आणि तिचे पुढचे तीन प्रश्न राहून गेले असते. मुलगा हुशार होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने तो प्रश्न वेगवेगळ्या रूपांत वीस-पंचवीस वेळा सोडवला होता, तिने आयुष्यात पहिल्यांदा. परीक्षेला मात्र हा फरक बुद्धीचा फरक म्हणून दिसतो.

आता पैशाचं. त्या मुलीच्या चुलत्यांची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. भावाच्या मुलीसाठी काही करता येईल का, म्हणून ते लातूरला चौकशी करून आले. क्लासने वर्षाची फी सांगितली दीड लाख. ट्यूशन एरियातल्या एका खोलीत चार कॉट, त्यांतल्या एका कॉटचं भाडं आणि मेस मिळून महिन्याला साडेपाच हजार. दहा महिन्यांचे पंचावन्न हजार. पुस्तकं, झेरॉक्स, येण्याजाण्याचं वेगळं. म्हणजे वर्षाला दोन लाखांच्या वर. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. हमीभावाने धरलं तरी दोन लाखांना एकेचाळीस क्विंटल लागतात. त्यांच्या रानात एकरी सहा क्विंटल आलं तर वर्ष चांगलं म्हणायचं, म्हणजे पाच एकरांत तीस. बी, खत, फवारणी, मळणी काहीही न वजा करता, सबंध रानाचं पीक विकूनही एका मुलीचं एक वर्ष निघत नव्हतं. आणि वर्षं दोन होती.

त्यांनी आणलेल्या माहितीपत्रकाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: फी जीएसटीसह. शाळा-कॉलेजच्या शिक्षणावर हा कर नाही, क्लासच्या फीवर अठरा टक्के आहे. दीड लाखांत तो २२,८८१ रुपये होतो. चुलते बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होते. “म्हणजे सरकारला पण पावणेपाच क्विंटल?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

‘गरीब हुशार मुलांना क्लासवाले फी माफ करतात की,’ असं सांगितलं जातं. करतात. दहावीनंतर चाचणी घेतात, वरच्या मुलांना निम्मी किंवा पूर्ण सूट देतात, त्यांची वेगळी बॅच करतात आणि सगळ्यांत चांगले शिक्षक तिथे लावतात. निकालानंतर चौकातल्या फ्लेक्सवर हेच चेहरे असतात. त्यांची फी भरतं कोण? खालच्या बॅचमधली साठ-पासष्ट टक्क्यांची मुलं, ज्यांच्या बापांनी शेत गहाण ठेवलं आहे आणि ज्यांच्यापर्यंत तो चांगला शिक्षक कधी पोचतच नाही. शिवाय सवलतीची चाचणी दहावीनंतर होते आणि शहरातली मुलं आठवीपासून फाउंडेशन बॅचला बसलेली असतात. मराठी शाळेतून आलेलं पोर अकरावीत सगळं विज्ञान पहिल्यांदाच इंग्रजीत वाचत असतं, त्याच्या शेजारी ही मुलं तीन वर्षं पुढे असतात.

यानंतर येतं रिपीटरचं वर्ष. नीट कितीही वेळा देता येते. पहिल्या खेपेला जमलं नाही तर वर्ष मोडून पुन्हा बसायचं, दुसऱ्यांदाही नाही जमलं तर तिसऱ्यांदा. ज्या घराला अठरा-एकोणीस वर्षांचं मूल कमवत नसलेलं चालतं, त्यालाच हे जमतं. तमिळनाडूने नीटच्या परिणामांवर न्या. ए. के. राजन समिती नेमली होती. तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. तिथे नीटपूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश होत होते. २०१६-१७ मध्ये वैद्यकीयला प्रवेश मिळालेल्यांत रिपीटर होते सुमारे साडेबारा टक्के. २०२०-२१ मध्ये ते एकाहत्तर टक्क्यांवर गेले. बारावीच्या गुणांची पद्धतही निर्मळ नव्हती. तिथल्या नामक्कलच्या निवासी शाळा अकरावी बाजूला ठेवून दोन वर्षं बारावीच घोकून घेत, हे सर्वांना माहीत होतं. तरीही त्या पद्धतीत मुलाला एकाच वर्षाचा खर्च होता आणि तो बहुतेक गावातल्या शाळेतच भागत होता. त्याच राज्याने २०२० मध्ये सरकारी शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. आपल्याकडे असा विचार कुणी गांभीर्याने पुढे नेलेला मला दिसत नाही.

देशपातळीवरचे आकडे हे सगळं झाकून टाकतात. २०२५च्या केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक पाहणीत सत्तावीस टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेताना आढळले, आणि अकरावी-बारावीचा शिकवणीवरचा सरासरी वार्षिक खर्च शहरात ९,९५० आणि खेड्यात ४,५४८ रुपये निघाला. वाचणाऱ्याला वाटेल, फरक पाच हजारांचाच आहे. पण ही सरासरी आहे; तिच्यात दीड लाख भरणारा आहे आणि शून्य भरणारे ते अकराही आहेत.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०१८ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. आमच्याकडे यंत्र आलं, काही दिवस चाललं, मग बंद पडलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही. पटावरचे ऐंशी हवे असलेल्या संस्थेला ते चालायला नकोच होतं. तुकडी टिकते पटावर, आणि तुकडीवर आमच्या नोकऱ्या. यात मी आणि माझे सहकारीही होतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या: सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नको, शाळा-कॉलेजच्या वेळेत क्लास नको. दुसरी सूचना खरोखर पाळली गेली तर आमच्या कॉलेजचा वर्ग भरेल. पण ती तपासायला सकाळी अकरा वाजता क्लासच्या दारात कुणी उभं राहायला हवं, आणि तसं कुणी उभं राहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

निवृत्तीआधीच्या दोन वर्षांत आम्ही तिघा शिक्षकांनी एक केलं. दर शनिवारी दुपारी त्या अकरांची नीटच्या नमुन्याची पूर्ण परीक्षा, घड्याळ लावून. जुने पेपर झेरॉक्स करायचो, खर्च आपसांत वाटून घ्यायचो. पहिल्या शनिवारी बहुतेकांचे साठ-सत्तर प्रश्न वाचायचेच राहिले. रविवारी फक्त चुका आणि कुठे वेळ गेला ते. दिवाळीपर्यंत पेपर पूर्ण वाचून व्हायला लागला. लातूर पॅटर्न म्हणून कधीकाळी कॉलेजांनी जे केलं, त्यापेक्षा यात वेगळं काही नव्हतं. सरकारी वैद्यकीयला त्यांतलं कुणी लागलं नाही. एक मुलगा बीएएमएसला लागला, दोन मुली नर्सिंगला. सालगड्याच्या मुलीचे गुण थोडे कमी पडले. तिला आणखी एक वर्ष हवं होतं, एवढंच. त्या वर्षासाठी तिच्या वडिलांनी मालकाकडे उचल मागितली. आधीचीच फिटली नव्हती म्हणून ती मिळाली नाही. ती आता तालुक्यालाच बीएस्सीला आहे, विषय भौतिकशास्त्र. माझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही. शनिवारच्या पेपरांचा गठ्ठा ती घेऊन गेली आहे आणि यंदाच्या बारावीच्या मुलांना, जेवढी वर्गात येतात तेवढ्यांना, तीच वेळ लावून बसवते.