कंटाळवाण्या भाषणात उमटलेल्या तिरक्या रेघा

सभेत बसल्या बसल्या समोरच्या कागदावर रेघोट्या ओढणारे आपल्यात पुष्कळ. बहुतेकांचे कागद सभा संपताच केराच्या टोपलीत जातात. स्तानिस्लाव उलाम यांचा कागद मात्र एका विज्ञानमासिकाच्या मुखपृष्ठापर्यंत जाऊन पोचला.

उलाम मूळचे पोलंडमधल्या ल्वूफ शहरातले गणिती. पुढे ते अमेरिकेत गेले आणि लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत नावारूपाला आले. १९६३ साली एका वैज्ञानिक परिषदेत लांबलचक, कंटाळवाणा निबंध ऐकण्याची वेळ त्यांच्यावर आली. बुद्धिबळाचं एखादं कोडं रचावं म्हणून त्यांनी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. मग कोड्याचा विचार सोडून ते त्यात आकडे भरू लागले. मध्ये १, त्याच्या उजवीकडे २, त्यावर ३, मग डावीकडे वळून ४ आणि ५, मग खाली ६. अशी बाहेर बाहेर सरकणारी वळणं घेत आकडे वाढत गेले:

१७ १६ १५ १४ १३
१८ ५ ४ ३ १२
१९ ६ १ २ ११
२० ७ ८ ९ १०
२१ २२ २३ २४ २५

त्यानंतर त्यांनी मूळ संख्यांभोवती गोल केले. मूळ संख्या म्हणजे १ आणि ती स्वतः याखेरीज ज्यांना भाग जात नाही अशा संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ वगैरे. त्या एकामागून एक कशा येतात याचं सोपं सूत्र कुणाला सापडलेलं नाही, त्यामुळे गोल विस्कटलेले दिसावेत अशीच अपेक्षा. पण वरच्या चौकटीतच पाहा, १९, ७ आणि २३ एका तिरक्या रेघेत आहेत. कागद जसजसा भरत गेला तसतशा अशा तिरक्या रेघा उलाम यांना जागोजाग दिसू लागल्या.

ही गंमत त्यांनी लॉस अलामॉसमधल्या मायरन स्टाइन आणि मार्क वेल्स या सहकाऱ्यांना दाखवली. त्यांनीही तितक्याच खेळकरपणे उत्तर दिलं. प्रयोगशाळेतल्या ‘मॅनिॲक-२’ या संगणकाच्या चुंबकीय फितीवर पहिल्या नऊ कोटी मूळ संख्या नोंदलेल्या होत्या. दोघांनी संगणकाला हीच वळणं गिरवायला लावली, प्रत्येक मूळ संख्येच्या जागी पडद्यावर ठिपका उमटवला आणि पडद्याचे फोटो काढले. एका फोटोत सुमारे ६५ हजारांपर्यंतच्या संख्या होत्या. हातानं काढलेल्या चौकटीत रेघा म्हणजे योगायोग असं म्हणता आलं असतं. इथे हजारो ठिपक्यांतही त्या स्वच्छ दिसत होत्या. मार्च १९६४ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात हा किस्सा लिहिला आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठावर ती आकृती झळकली. याच सदरातून गार्डनर यांनी १९७५ मध्ये देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची जगाला ओळख करून दिली होती.

आता प्रश्न असा, की या रेघा खऱ्या किती आणि डोळ्यांचा भास किती?

थोडं उत्तर बुद्धिबळाच्या पटातच आहे. वळणावळणानं आकडे भरताना प्रत्येक पाऊल शेजारच्या घरात पडतं, म्हणून काळं-पांढरं आलटून पालटून येतं आणि सम-विषमही. परिणामी सगळ्या विषम संख्या एकाच रंगाच्या घरांत जातात. २ सोडली तर सगळ्या मूळ संख्या विषमच. तेव्हा त्या पटावरच्या उंटासारख्या एकाच रंगाला बांधलेल्या असतात आणि त्या रंगाची घरं एकमेकांना फक्त तिरकीच जोडलेली असतात. हे पडताळायला सोपं आहे. मूळ संख्यांऐवजी तितक्याच विषम संख्या चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांना गोल करा. तिरके तुकडे तिथेही दिसतील. रेघ दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, ते यासाठी.

पण एवढ्यानं सगळं सुटत नाही, कारण तिरक्या रेघाही सारख्या नाहीत. मधल्या १ पासून खाली उजवीकडे जा: ९, २५, ४९, ८१. हे सगळे विषम संख्यांचे वर्ग, त्यामुळे या रेघेत मूळ संख्या एकही नाही, कधी येणारही नाही. खाली डावीकडे जा: ७, २१, ४३, ७३, १११. इथे दुसरी संख्या, पाचवी, आठवी अशा दर तिसऱ्या संख्येला ३ नं भाग जातो, म्हणजे रेघेचा तिसरा हिस्सा आधीच बाद. वर डावीकडे जा: ५, १७, ३७, ६५, १०१. या रेघेतल्या एकाही संख्येला ३ नं कधीच भाग जात नाही. ५ मात्र तिला नडतो. थोडक्यात, लहान भाजक जिच्या वाटेला जात नाहीत ती रेघ दाट, ज्यांच्या तावडीत सापडते ती विरळ.

याचं टोकाचं उदाहरण हवं असेल तर मध्ये १ ऐवजी ४१ लिहून तीच वळणं घ्या. वर उजवीकडे ४३, ५३, ७१ येतात, खाली डावीकडे ४७, ६१, ८३. मधल्या ४१ सह ही एकच सरळ तिरकी रेघ आहे आणि तिच्यात मध्यापासून दोन्हीकडे मिळून सलग ४० मूळ संख्या बसतात. हे सूत्र अठराव्या शतकातच लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवलं होतं: एखादी संख्या घ्या, तिच्या वर्गात ती मिळवा, वर ४१ घाला. शून्यापासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी उत्तर मूळ संख्याच येतं. ४० घातले की डाव मोडतो, कारण उत्तर येतं १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. तरी ही रेघ पुढेही दाटच राहते, कारण तिच्यातल्या कुठल्याही संख्येला ४१ पेक्षा लहान मूळ संख्येनं भाग जात नाही. लॉस अलामॉसच्या संगणकानं एक कोटीपर्यंत मोजलं, तेव्हा या सूत्रातून आलेल्या संख्यांपैकी सुमारे साडेसत्तेचाळीस टक्के मूळ निघाल्या. एक कोटीपर्यंतच्या सरसकट संख्यांत हे प्रमाण सात टक्क्यांहूनही कमी आहे.

कोणती रेघ किती दाट असेल याचा अंदाज बांधणारं सूत्रही आहे. हार्डी आणि लिटलवूड या इंग्रज गणित्यांनी ते १९२३ मध्ये, म्हणजे उलाम यांच्या रेघोट्यांच्या चाळीस वर्षं आधी मांडलं. प्रत्यक्ष मोजणीशी ते छान जुळतं, पण सिद्ध झालेलं नाही. सिद्धतेपासून आपण किती दूर आहोत हे वर डावीकडे जाणाऱ्या रेघेवरूनच कळतं. ५, १७, ३७, १०१ या प्रत्येकीत सम संख्येच्या वर्गात १ मिळवलेला आहे. अशा मूळ संख्या कुठेतरी संपतात की अखंड येत राहतात, हा प्रश्न एडमुंड लांडाऊ यांनी १९१२ मध्येच गणित्यांपुढे ठेवला होता. तो आजही सुटलेला नाही. चौकडीच्या वहीत ती रेघ कुणीही काढू शकतं, पण तिच्यावरचे गोल कधी थांबतील का, हे आज कुणालाच सांगता येत नाही.